सामाईक विहिरीची पाळी कागदावर कशी लिहायची: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडं आमच्याबद्दल म्हणजे पुढचे आकडे कळतील. आम्ही दौंड तालुक्यातले, मुठा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाला आमची जमीन आहे. आजोबांनी खोदलेली एक गोल विहीर, व्यास २५ फूट, त्यावर पाच एचपीची एकच मोटार. हिस्सेदार चार. थोरले चुलते अण्णा ३ एकर, मधले तात्या २ एकर, आम्ही २ एकर, आणि धाकट्या चुलत्यांचा १ एकर विहिरीतल्या आठव्या हिश्श्यासकट शेजारच्या काकांनी विकत घेतला तो. एकूण ८ एकर. आमचं पाळीपत्रक दोनदा फसलं आणि तिसऱ्यांदा बसलं, तेव्हा खाली जे लिहिलंय ते बरंचसं चुकून शिकलेलं आहे.

तोंडी पाळी चालतीच की, लिहायची कशाला?

चालते, आजोबा होते तोवर आमचीही चालली. तोंडी पाळीत "आज कुणाची" हे सगळ्यांना माहीत असतं, भांडण त्यावरून होतच नाही. भांडण होतं ते लाईट मधेच गेली तर उरलेले तास कुणाचे, अण्णा लग्नाला गेले म्हणून तात्यांनी त्यांचा दिवस घेतला तो परत कधी द्यायचा, मार्चमध्ये मोटार दोन तासात पाणी तोडायला लागली तर ज्याला कमी मिळालं त्याचं काय, असल्या गोष्टींवरून. लिहायचं ते याच गोष्टींसाठी, पाळीचा क्रम काय, चार ओळींत संपतो.

पाळी एकरावर धरायची, हिश्श्यावर की माणशी?

सातबाऱ्याला इतर हक्कात विहिरीचा हिस्सा लिहिलेला असेल तर तोच धरा, कारण उद्या वाद कुठेही गेला तरी पहिल्यांदा तेच बघतात. आमचा हिस्सा आणि एकर सुदैवाने जुळतात, ३-२-२-१. जुळत नसतील तर बसून एकच काय ते ठरवा आणि कागदावर पहिल्या ओळीत लिहा.

पिकावर मात्र धरू नका. "माझा ऊस आहे, मला जास्त लागतं" हे एकदा मान्य केलं की पुढच्या वर्षी सगळ्यांचाच ऊस होतो. माणशी पाणी हा प्रकारही आपल्याच जिल्ह्यात झालेला आहे, पुरंदरच्या नायगावला विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली तिथे माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी आणि ऊस बंद असा नियम होता. पण तिथे पाणी नव्याने तयार करून वाटलं होतं. वडिलार्जित विहिरीत ज्याचा हिस्सा ३/८ आहे त्याला घरात माणसं कमी म्हणून कमी घे म्हटलं तर तो सही करणार नाही, उगाच त्या वाटेला जाऊ नका.

एका एकराला किती तास लागतात?

हे दुसऱ्याला विचारण्यापेक्षा मोजा, अर्धा तास लागतो. २०० लिटरचा बॅरल घ्या, डिलिव्हरीचा पाईप त्यात सोडा आणि मोबाईलवर सेकंद मोजा, तीनदा मोजून मधला आकडा धरा. आमचा बॅरल २२ सेकंदात भरतो, म्हणजे सेकंदाला ९ लिटर, तासाला साधारण ३३ हजार लिटर.

आता एका एकरावर एक इंच पाणी उभं करायचं तर एक लाख तीन हजार लिटर लागतं, म्हणजे आमच्या मोटारीला तीन तासांच्या वर. कांद्याच्या नाहीतर गव्हाच्या एका भरण्याला दोन ते अडीच इंच धरलं तर सहा ते आठ तास होतात. म्हणून आम्ही एकराला एक दिवस, म्हणजे लाईटचा एक पूर्ण टप्पा, असं सोपं माप धरलं. तुमची मोटार साडेसातची असेल किंवा पाणी खूप खोल असेल तर आकडा वेगळा येईल, पण बॅरलची पद्धत तीच. आणि बॅरल एकदा जानेवारीत आणि एकदा एप्रिलमध्ये लावा, पाणी खाली गेलं की मोटारीला जास्त उचलावं लागतं आणि धार बारीक होते हे लोक विसरतात.

आठवड्याची पाळी सगळ्यात सोपी ना? वार ठरलेले, लक्षात राहतात.

लक्षात राहतात हे खरं, आणि आमची पहिली फसगत तिथेच झाली. हे जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक ठिकाणचं भांडण इथलंच असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा धाकट्या चुलत्यांचा एकर पडीक होता, म्हणजे भिजणारं क्षेत्र ७ एकर आणि आठवड्याचे दिवस ७. वा, काय जुळलं! अण्णांना सोम-मंगळ-बुध, तात्यांना गुरु-शुक्र, आम्हाला शनि-रवि. आणि आमच्या फीडरचं थ्री फेजचं वेळापत्रक काय होतं, तर सोमवार ते बुधवार दिवसा साडेआठ ते साडेचार, आणि गुरुवार ते रविवार रात्री दहा ते सकाळी आठ. आता दोन्ही एकावर एक ठेवून बघा. अण्णा अख्खा सीझन दिवसा भरणं करणार आणि तात्या आणि आम्ही अख्खा सीझन रात्री दारं धरणार. आमच्या भागात उसात बिबट्या आहे, रात्री बॅटरी घेऊन वाफ्यावाफ्याने फिरायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. दोन महिन्यांत तात्या आणि अण्णांचं बोलणं बंद झालं. अण्णांनी मुद्दाम काही केलं नव्हतं, कॅलेंडरनेच केलं होतं, पण ते सांगायला दोघांच्या मध्ये कोण जाणार.

मग काकांनी तो एकर घेतला, ८ एकर झाले, ८ दिवसांची फेरी झाली आणि तक्रार आपोआप मिटली. का मिटली ते मला नंतर वहीवर मांडल्यावर कळलं. फेरी ८ दिवसांची आणि आठवडा ७ दिवसांचा, म्हणून प्रत्येक फेरीत वार एकाने पुढे सरकतो. पहिल्या फेरीत अण्णा सोम-मंगळ-बुध, दुसरीत मंगळ-बुध-गुरु, तिसरीत बुध-गुरु-शुक्र असं. सात फेऱ्या म्हणजे ५६ दिवस झाले की चक्र परत सोमवारी येतं, आणि तोवर प्रत्येकाला प्रत्येक वार सारख्या वेळा मिळालेला असतो. काकांच्या ७ पाळ्यांपैकी ३ दिवसा आणि ४ रात्री, आमच्या १४ पैकी ६ दिवसा आणि ८ रात्री, अण्णांच्या २१ पैकी ९ दिवसा आणि १२ रात्री. सगळ्यांचं प्रमाण तेच.

आमची बेरीज नेमकी ७ किंवा १४ येते, मग?

मग एक दिवस वाढवा किंवा कमी करा, पण ७ च्या पाढ्यातली फेरी ठेवू नका. ७ एकर असतील तर आठवा दिवस "विहिरीचा दिवस" म्हणून मोकळा सोडा, त्या दिवशी मोटार बंद, पाणी साठतं आणि मागच्या फेरीत ज्याचे तास बुडाले त्याला त्यातले देता येतात. हे मला तर सगळ्यात चांगलं वाटतं. दिवस वाया जातो अशी ओरड होते पण विहिरीतलं पाणी कुठे पळून जात नाही.

दुसरा उपाय पंजाब-हरियाणातल्या वारबंदीत आहे, तिथे आठवड्याचे १६८ तास वाटलेले असतात आणि वर्षातून एकदा सगळं वेळापत्रक १२ तासांनी सरकवतात म्हणजे रात्रवाल्याला दिवस येतो. कालव्याला ते जमतं. आपल्याकडे थ्री फेज लाईटच ठरावीक वेळ असते, तेव्हा १२ तास सरकवून काही उपयोग नाही.

ज्यांच्या गावचं फीडर सोलरवर गेलंय आणि लाईट दिवसाच असते त्यांनी हा सगळा भाग सोडून द्या, तुम्ही आठवड्याची पाळी खुशाल ठेवा.

रात्रीचा टप्पा १० तासांचा आणि दिवसाचा ८, हे कसं जुळवायचं?

५६ दिवसांत ते आपोआप फिटतं, वर सांगितलं तसं. काही लोक तासांचाच हिशोब ठेवतात, एकराला ८ तास, मग रात्रीचे उरलेले २ तास पुढच्याचे. कागदावर बरोबर दिसतं, पण प्रत्यक्षात पहाटे सहाला उठून दोन तासांसाठी कॉक फिरवायला कुणी जात नाही आणि मग "मी सोडले, तू घेतले" सुरू होतं. आम्ही टप्पा मोडत नाही.

लाईट मधेच गेली किंवा डीपी जळाली तर?

आमचा नियम असा आहे: टप्प्यातले दोन तासांपर्यंत गेले तर नशीब, भरपाई नाही. दोन तासांपेक्षा जास्त पण अर्ध्यापेक्षा कमी गेले तर वहीत "येणे" म्हणून लिहायचं आणि त्या माणसाने पुढच्या फेरीत ज्याच्याकडे शिल्लक असेल त्याच्याकडून मागून घ्यायचं. अर्ध्यापेक्षा जास्त गेले तर तो टप्पा झालाच नाही असं धरून पाळी त्याच्याकडेच राहते आणि सगळे एक दिवस पुढे सरकतात.

म्हणून पाळीपत्रकात क्रम पक्का लिहा आणि तारखा पेन्सिलने. मागच्या साली डीपी जळाली आणि सहा दिवस लाईट नव्हती, ज्यांच्या कागदावर सीझनभराच्या तारखा छापलेल्या होत्या त्या शेजारच्या विहिरीवर "तुझा वार गेला" म्हणून जुंपली. आमच्याकडे जिथे थांबलं होतं तिथून सुरू झालं.

मार्च-एप्रिलमध्ये मोटार तीन तासात पाणी तोडते. तेव्हा पाळी कशी धरायची?

ही आमची दुसरी फसगत. तासांची पाळी ही मोटारीची पाळी असते, आणि उन्हाळ्यात वाटायचं असतं ते पाणी, त्यामुळे आधी विहीर मोजायला लागते.

२५ फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण १४ हजार लिटर. आत बांधकामावर तळापासून दर फुटाला लाल पेंटने रेघ मारून घ्या, विहीर कोरडी होते तेव्हा पोराला उतरवून एका दुपारचं काम आहे. मग झरा मोजा: मोटार बंद, रेघ बघा, दोन तास थांबा, परत बघा. गेल्या मार्चमध्ये आमचं दोन तासात सव्वा फूट चढलं, म्हणजे तासाला ९ हजार लिटरच्या आसपास. मोटार ३३ हजार उपसते आणि ९ हजार येतं, म्हणजे मोटार चालू असताना विहीर तासाला २४ हजार लिटरने उतरते. झरा पाणी खाली गेल्यावर जोर धरतो आणि विहीर भरत आली की मंदावतो, त्यामुळे हे मोघम आहे, पण भांडण मिटवायला पुरतं.

आता वरचं लाईटचं वेळापत्रक परत बघा. रविवारची रात्र सोमवारी सकाळी आठला संपते आणि सोमवारचा दिवसाचा टप्पा साडेआठला सुरू होतो. मध्ये फक्त अर्धा तास! आणि बुधवारी साडेचारला बंद झालेली मोटार गुरुवारी रात्री दहालाच लागते, मध्ये साडेएकोणतीस तास. म्हणजे गुरुवारवाल्याला भरलेली विहीर आणि सोमवारवाल्याला चिखल. जानेवारीत हे कुणाला जाणवलं नाही कारण पाणीच भरपूर होतं.

एक रविवार आठवतोय. तात्यांनी रात्री दहाला मोटार लावली तेव्हा लाल रेघेवर १५ फूट होतं. १५ फूट म्हणजे २ लाख १० हजार लिटर, तासाला २४ हजारने पावणेनऊ तासात संपतं, आणि तसंच झालं, पावणेसातला मोटारीने हवा घेतली. सोमवार आमचा. साडेआठला मी गेलो तर सव्वा फूट पाणी, पाऊण तासात परत हवा. वहिनी म्हणाल्या, अहो तात्यांनी काही चोरलं नाही, त्यांच्या पाळीतच उपसलं की. बरोबरच होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला.

नंतर सगळ्यांनी बसून एकच ओळ वाढवली: मोटारीने एका फेरीत दोनदा हवा घेतली की "उन्हाळी नियम" लागू, आणि उन्हाळी नियमात रविवारची रात्र पाच तासांत म्हणजे तीनला आटोपायची. त्याच आकड्यांवर करून बघा. दहा ते तीन पाच तासात १ लाख २० हजार लिटर उतरतं, म्हणजे साडेआठ फूट, साडेसहा फूट शिल्लक. तीन ते साडेआठ साडेपाच तासात साडेतीन फूट चढतं. सोमवारवाला १० फुटांवर सुरू करतो आणि त्याला पावणेसहा तास मिळतात. रविवारवाल्याला पाच, सोमवारवाल्याला पावणेसहा, आधी पावणेनऊ आणि पाऊण होते. आणि रविवारचा तोटा कायम एकालाच होत नाही कारण ५६ दिवसांत रविवार सगळ्यांच्या वाट्याला फिरतो.

झरा आणखी आटला, तासाला चार हजारवर आला, की दिवसाचं सगळं पाणी मिळून ९६ हजार लिटर होतं, तीन तासांपेक्षाही कमी. तेव्हा ८ एकर भिजवायचा नाद सोडावा लागतो. आम्ही तेव्हा फेरी तीच ठेवतो पण जो तो आपला अर्धाच हिस्सा जिवंत ठेवतो, चारा आणि फळझाडं. त्यावर कुठलंही पाळीपत्रक पाणी वाढवून देत नाही.

कुणी पाळी नसताना पाणी घेतलं हे कसं कळणार?

मीटरवरून. पाच एचपीची मोटार तासाला साधारण साडेचार ते पाच युनिट खाते. प्रत्येकाने सुरू करताना आणि बंद करताना रीडिंग वहीत लिहायचं. एकाचं शेवटचं आणि पुढच्याचं पहिलं रीडिंग एकच असायला हवं. नसेल तर मधल्या युनिटला साडेचारने भागा, किती तास मोटार चालली ते कळतं.

आमच्याकडे एकदा तात्यांचं शेवटचं ४२१३ आणि आमचं पहिलं ४२४१ होतं, २८ युनिट, सहा तास. मी तावातावाने तात्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले चल दाखवतो, आणि कांद्याच्या वाफ्यात घेऊन गेले, घोट्याएवढं पाणी उभं. काय झालं होतं, तर बुधवारी मोटार बंद करताना ऑटो चालूच राहिला होता, कॉक त्यांच्याच बाजूला, आणि त्या रात्री अवेळी लाईट आली. सहा तास पाणी कांद्यात, काढणीला आलेला माल, निम्मा सडला. आम्हाला पाणी गेलं आणि त्यांचा कांदा. तेव्हापासून नियम आहे की पाळी संपली की ऑटो बंद, कॉक बंद, रीडिंग लिहिलं, मगच घरी. ऑटो पुढच्या माणसाने आपल्या हाताने चालू करायचा.

मीटर नसेल, एचपीवर कनेक्शन असेल, तर स्टार्टरच्या पेटीत तास मोजणारं छोटं मीटर बसवून घ्या, इलेक्ट्रिशियन बसवून देतो. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतं, म्हणून काही लोक रीडिंग लिहायचं सोडून देतात. बिलासाठी लिहू नका, पाण्यासाठी लिहा.

माझं रान लांब आहे, पाणी पोचायलाच अर्धा तास जातो. तो वेळ वेगळा मिळतो का?

पाईपलाईन असेल तर नाही, तीन इंची पाईप हजार-बाराशे फूट भरायला अडीच-तीन मिनिटं लागतात. मातीचा दंड असेल तर खरंच वेळ जातो, तात्यांचा सातशे फुटांचा कोरडा दंड भिजून वाफ्यात पाणी पडायला ३५ मिनिटं लागायची. पण दंड त्यांचा एकट्याचा होता, म्हणून आम्ही वेगळा वेळ दिला नाही आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी पाईप टाकला. दंड सामाईक असेल तर मात्र जो आधी भिजवतो त्याला भरायचा वेळ वाढवून द्या आणि शेवटच्याचा तेवढा कापा, कारण मोटार बंद झाल्यावर दंडात उरलेलं पाणी त्यालाच मिळतं.

एकाचं ड्रिप आहे, त्याला रोज दोन तास पाणी हवं. आठ दिवसांतून एकदा घेऊन तो काय करणार?

काकांचं हेच झालं, डाळिंब ड्रिपवर. त्यांनी आपल्या पाळीत पाणी छोट्या शेततळ्यात घेऊन तिथून रोज द्यायचं असं केलं, वेगळी एक एचपीची मोटार लावून. तळ्याला जागा नसेल तर सगळ्यांच्या संमतीने रोज टप्प्याचा पहिला एक तास ड्रिपवाल्याला आणि त्याबदल्यात त्याचा स्वतंत्र दिवस रद्द, असं करता येतं. आठ तासांचे आठ भाग होतात, हिशोब सरळ आहे. पण मग फेरी ७ दिवसांची होते आणि दिवस-रात्रीचं भूत परत येतं, विहिरीचा मोकळा दिवस घालायला विसरू नका.

अदलाबदल चालते का?

चालायलाच हवी, घरात मयत असेल, लग्न असेल, रानात वाफसा नसेल तर पाळी घेऊन काय करणार. फक्त दोन अटी. दोघांनी वहीत सही करायची, आणि अदलाबदल त्याच फेरीत फिटली पाहिजे. "पुढच्या महिन्यात देतो" ला आम्ही मानत नाही, अण्णांचा एक दिवस दोन वर्षं येणे होता आणि दिवाळीच्या फराळाला त्याचा विषय निघायचा.

मोटार जळाली तर खर्च कसा वाटायचा?

हिश्श्याप्रमाणे, ३-२-२-१. अपवाद एकच, खालच्या लाल रेघेच्या खाली पाणी गेलेलं असताना मोटार चालू ठेवून कोरडी चालवली असेल तर ज्याची पाळी त्याचा खर्च. हे लिहिलं तेव्हापासून रेघ सगळ्यांना बरोबर दिसायला लागली.

कागद कसला? स्टॅम्प पेपरच पाहिजे का?

पाळीपत्रक म्हणजे हिस्सा आधीच ठरलेल्या लोकांनी वापर कसा करायचा एवढंच लिहिलेलं असतं. साध्या कागदावर सगळ्यांच्या सह्या आणि बाहेरचे दोन साक्षीदार असले तरी घरगुती वापराला पुरतं, स्टॅम्पवर नोटरी केलं तर माणसं जरा गांभीर्याने घेतात एवढाच फरक. हिस्साच द्यायचा-घ्यायचा असेल, किंवा वाटणी करायची असेल तर ते मात्र वकिलाला विचारून रजिस्टर करा, ते पाळीपत्रकात घुसडू नका.

आमच्या कागदावरचा मुख्य मजकूर असा आहे:

"गट नंबर अमुक मधील सामाईक विहिरीत हिस्सा ३/८, २/८, २/८, १/८. फेरी आठ टप्प्यांची, क्रम अण्णा तीन, तात्या दोन, आम्ही दोन, काका एक. टप्पा म्हणजे त्या दिवशीची थ्री फेज लाईट सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत. अर्ध्यापेक्षा जास्त लाईट गेली तर टप्पा त्याचाच. अदलाबदल त्याच फेरीत, दोघांच्या सहीने. उन्हाळी नियम मोटारीने एका फेरीत दोनदा हवा घेतल्यापासून पहिल्या मोठ्या पावसापर्यंत. दुरुस्ती हिश्श्याने. लाईटचं वेळापत्रक बदललं तर आठ दिवसांत सगळ्यांनी बसून उन्हाळी नियमाचा वार बदलायचा."

शेवटची ओळ महत्त्वाची आहे, लाईटचे वार बदलले की रविवारची रात्र बुधवारची होऊ शकते आणि जुना नियम उलटाच लागतो.

एकजण ऐकतच नाही, कॉकला कुलूपच लावलं. कुठे जायचं?

आधी गावातली चार माणसं, ते झालंच असेल. मग तहसीलदार. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, त्यात शेतीच्या विहिरीच्या पाण्याचा वापर अडवला असेल तर तो परत सुरू करून द्यायचा अधिकार तहसीलदारांना आहे. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायला लागतो, लोक "बघू, बघू" करत मुदत घालवतात. तिथे हिस्सा कुणाचा किती याचा निकाल लागत नाही, तो दिवाणी कोर्टात. वापर चालू होता आणि अमुक तारखेला अडवला एवढं दाखवायचं असतं, आणि ते दाखवायला रीडिंगची वही आणि सह्यांचं पाळीपत्रक यापेक्षा चांगलं काही नाही.

आमच्याकडे विहीर नाही, कालव्याची चारी आहे. हेच चालेल का?

थोडंच चालेल. कालव्याला आवर्तन कधी सोडायचं हे पाटबंधारे खातं ठरवतं, पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरावा लागतो, आणि शेजपाळीत पाणी शेपटाकडून म्हणजे चारीच्या टोकाकडून वर द्यायची पद्धत आहे, कारण वरच्याला आधी दिलं की टोकाला पोचतच नाही. तुमच्या मोरीखाली पाणी वापर संस्था असेल तर २००५ च्या कायद्याने संस्थेला मोजून पाणी मिळतं आणि आतली पाळी संस्था ठरवते. तुम्ही लिहायचं ते मोरीखालच्या दहा-बारा जणांचे तास, भरायचा वेळ आणि अदलाबदल एवढंच.

एक गोष्ट मात्र विहीरवाल्यांनी बघायची. आवर्तन सुटलं की कालव्यालगतच्या विहिरींना पाझर वाढतो, आमची विहीर तीन-चार दिवसांत दिसण्याइतकी चढते. त्या दिवसांत ज्याची पाळी असते त्याची चंगळ. आम्ही त्यावर काही नियम केलेला नाही, कुणाचं आवर्तन कधी येईल सांगता येत नाही. काकांच्या एका दिवसाच्या पाळीत दोनदा आलं, तेवढं चालायचंच.

वही कुणाकडे ठेवायची?

कुणाच्याच घरी नको. मोटारीच्या खोलीत पत्र्याची पेटी खिळ्याला टांगा, वही त्यात. पाळीपत्रकाची झेरॉक्स पुठ्ठ्यावर चिकटवून वर प्लास्टिक, आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये फोटो. आमची वही वहिनी बघतात, रोज संध्याकाळी रीडिंग जुळतंय का एवढंच. पेन ठेवू नका, ओल्या हाताने ते चालत नाही आणि दोन दिवसांत कुणाच्या तरी खिशात जातं. पेन्सिल ठेवा, सुतळीने पेटीला बांधून.